सिनेमागृहातून कोण बाहेर पडत होतं?

‘मी प्येरला सिनेमागृहातून बाहेर पडताना पाहिलं.’ या वाक्यात बाहेर कोण पडत होतं, प्येर की मी? आपण बहुतेक जण ‘प्येर’ असंच म्हणू, पण ‘मी बाहेर पडत होतो आणि प्येर समोरच्या टपरीवर उभा होता’ हाही अर्थ या वाक्यात बसतो. इंग्रजीतल्या ‘आय सॉ प्येर लीव्हिंग द सिनेमा’ची गतही तीच आहे. फ्रेंच भाषेने मात्र या दोन अर्थांसाठी दोन वेगळी वाक्यं ठेवली आहेत आणि त्यांच्यात फरक आहे तो फक्त एका नाकातल्या स्वराचा.

‘झे व्यू प्येर सोर्ताँ द्यु सिनेमा’ म्हटलं, तर बाहेर पडत होता प्येर. ‘झे व्यू प्येर आँ सोर्ताँ द्यु सिनेमा’ म्हटलं, तर बाहेर पडत होतो मी. ‘सोर्तीर’ म्हणजे बाहेर पडणं आणि ‘सोर्ताँ’ हे त्याचं धातुसाधित रूप, ज्याला फ्रेंच व्याकरणात ‘पार्तिसीप प्रेझाँ’ म्हणतात. त्याच्या आधी ‘आँ’ हे छोटं शब्दयोगी अव्यय लागलं की त्या जोडीचं नाव होतं ‘झेरोंदीफ’. एकटं ‘सोर्ताँ’ शेजारच्या नामाला चिकटतं आणि विशेषणासारखं वागतं. ‘आँ सोर्ताँ’ मुख्य क्रियापदाला चिकटतं आणि क्रियाविशेषणासारखं वागतं. ‘पाहिलं’ हे मुख्य क्रियापद, त्याचा कर्ता मी, म्हणून ‘आँ सोर्ताँ’चा कर्ताही मीच.

हे रूप तयार करणं अगदी सोपं आहे. ‘नू’ म्हणजे ‘आम्ही’ या कर्त्याचं वर्तमानकाळी रूप घ्यायचं, शेवटचं ‘ओं’ काढायचं आणि त्या जागी ‘आँ’ ठेवायचं. आम्ही बोलतो, ‘नू पार्लों’, त्यावरून ‘पार्लाँ’. आम्ही पितो, ‘नू ब्युवों’, त्यावरून ‘ब्युवाँ’. मूळ क्रियापद ‘ब्वार’ कितीही वाकडंतिकडं चालणारं असो, ‘नू’चं रूप पाठ असेल तर हेही आपोआप येतं. लिहिताना शेवटी एक ‘त’ असतो, पण तो उच्चारायचा नाही. या नियमाबाहेर फक्त तीन क्रियापदं आहेत: असणं, जवळ असणं आणि माहीत असणं. त्यांची रूपं ‘एताँ’, ‘एयाँ’ आणि ‘साशाँ’. ही तिन्ही इतकी वापरातली आहेत की ती पाठ करावी लागत नाहीत, कानावर पडून पडूनच बसतात.

खरी अडचण वापरात आहे, आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तिचं मूळ इंग्रजीत आहे. आपण बहुधा इंग्रजीच्या वाटेने फ्रेंचकडे जातो आणि मनाशी एक समीकरण मांडतो, की इंग्रजीत जिथे ‘इंग’ तिथे फ्रेंचमध्ये ‘आँ’. हे समीकरण बहुतेक वेळा चुकतं. इंग्रजीचं ‘इंग’ हे खरं तर दोन प्रत्ययांचं मिश्रण आहे. जुन्या इंग्रजीत क्रियेचं नाम करणारा ‘उंग’ किंवा ‘इंग’ हा प्रत्यय वेगळा होता आणि विशेषण करणारा ‘एन्डे’ वेगळा. मध्ययुगात दोन्ही एकमेकांत मिसळले आणि एकट्या ‘इंग’वर नाम, विशेषण आणि चालू काळ असा सगळा भार पडला. फ्रेंचमध्येही एक मिसळण झाली. लॅटिनमधली ‘आमान्तेम’ म्हणजे प्रेम करणारा आणि ‘आमान्दो’ म्हणजे प्रेम करून, ही दोन वेगळी रूपं झिजत झिजत एकाच ‘आँ’वर येऊन थांबली. पण फ्रेंचने दुसऱ्या रूपापुढे ‘आँ’ हे अव्यय कायम ठेवलं, त्यामुळे दोन्ही आजही वेगळी ओळखता येतात. आणि क्रियेचं नाम करण्याचं काम या रूपाकडे कधी आलंच नाही. इंग्रजीतलं ‘जिरंड’ नाम असतं, फ्रेंचमधलं ‘झेरोंदीफ’ नाम नसतं. नावं भावंडांसारखी असली तरी कामं वेगळी आहेत.

याचा परिणाम एका वाक्यात पाहता येतो. इंग्रजी वाक्य असं घ्या: ‘वॉकिंग होम, आय वॉज थिंकिंग ऑफ बाइंग अ डिक्शनरी विदाउट टेलिंग माय ब्रदर.’ यात चार ‘इंग’ आहेत. फ्रेंच वाक्य होईल: ‘आँ राँत्राँ आ ला मेझों, झ पाँसे आ आश्ते अँ दिक्स्योनेर साँ ल दीर आ मों फ्रेर.’ यात ‘आँ’चं रूप उरलं एकच, ‘आँ राँत्राँ’ म्हणजे घरी परतता परतता. ‘विचार करत होतो’साठी साधा अपूर्ण भूतकाळ ‘पाँसे’ आला, कारण ‘झेते पाँसाँ’ अशी जोडी आजच्या फ्रेंचमध्ये चालत नाही. क्रिया याच क्षणी चालू आहे हे ठासून सांगायचंच असेल तर ‘आँ त्रँ द’ हा वाक्प्रचार आणि त्यापुढे मूळ क्रियापद येतं. एरवी ‘तो जेवतोय’साठी नुसतं ‘ईल माँझ’ पुरतं. ‘विकत घेण्याचा’साठी ‘आ’पुढे मूळ रूप ‘आश्ते’ आलं आणि ‘न सांगता’साठी ‘साँ’पुढे मूळ रूप ‘दीर’. फ्रेंचमध्ये शब्दयोगी अव्ययापुढे क्रियापद मूळ रूपातच येतं, अपवाद फक्त ‘आँ’चा. म्हणून विद्यार्थ्याच्या वहीत ‘साँ दिझाँ’ किंवा ‘झ स्वी पार्लाँ’ दिसलं, की वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं होतं हे लगेच कळतं.

मला वाटतं, मराठी माणसाने या विषयात इंग्रजीचं बोट सोडून सरळ मराठीतून फ्रेंचकडे जावं. आपल्याकडे ‘बोलणारा’, ‘बोलता बोलता’, ‘बोलताना’, ‘बोलून’ अशी रूपं आधीपासूनच वेगळी आहेत. फ्रान्समधल्या नोकरीच्या जाहिरातीत ‘पार्लाँ आँग्ले’ असं असतं. आपण त्याला ‘इंग्रजी बोलणारा’ म्हणतो, आणि ‘णारा’ इथे बरोबर बसतो. हे एकटं रूप मुख्यतः छापील भाषेत, सूचनांत आणि सरकारी कागदांत भेटतं. रोजच्या बोलण्यात फ्रेंच लोक त्याऐवजी ‘की’ म्हणजे ‘जो’ घालून वाक्य करतात आणि प्येरबद्दल सांगतानाही ‘की सोर्ते’ म्हणतात. झेरोंदीफ मात्र बोलण्यात सर्रास ऐकू येतं.

पण मराठीच्या वाटेवरही दोन जागा सांभाळायला हव्यात. पहिली आहे ‘ताना’ची. ‘मी आंघोळ करत असताना फोन वाजला’ हे आपलं निर्दोष वाक्य आहे. ‘ताना’चा कर्ता आणि वाक्याचा कर्ता वेगळा असला तरी मराठीला चालतं. फ्रेंचमध्ये हे झेरोंदीफने सांगितलं, तर आंघोळ टेलिफोन करत होता असा अर्थ होतो, कारण झेरोंदीफचा कर्ता मुख्य क्रियापदाचा कर्ताच असावा लागतो. तिथे ‘पाँदाँ क’ म्हणजे ‘जेव्हा’ वापरून पूर्ण उपवाक्य करावं लागतं: ‘पाँदाँ क झ प्रने मा दूश, ल तेलेफोन आ सोने.’ लिहून झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: दोन्ही क्रिया करणारा एकच आहे का? नसेल तर ‘आँ’ खोडावं. जुन्या म्हणींत हा नियम मोडलेला दिसतो. ‘लापेती व्यँ आँ माँझाँ’, म्हणजे खाता खाता भूक येते. येते भूक, खातो माणूस. अशा म्हणी हा नियम पक्का होण्याआधीच्या मोकळ्या वापराच्या खुणा आहेत. त्यांच्या नमुन्यावर आज नवी वाक्यं बेतू नयेत.

दुसरी जागा ‘ऊन’ची, आणि ती मला जास्त फसवी वाटते. ‘पेपर वाचून तो फ्रेंच शिकला’ आणि ‘पेपर वाचून तो कामाला गेला’ या दोन्ही वाक्यांत ‘वाचून’ तेच आहे. पहिल्यात वाचन हे शिकण्याचं साधन आहे, तिथे ‘आँ लिझाँ’ चपखल बसतं. दुसऱ्यात वाचन संपलं आणि मग जाणं सुरू झालं. तिथे ‘आँ लिझाँ’ म्हटलं, तर तो पेपर वाचत वाचत रस्त्याने निघाला असं फ्रेंच माणूस समजेल. तिथे हवं ‘आप्रे आव्वार ल्यु’, म्हणजे वाचल्यानंतर. झेरोंदीफला दोन क्रिया एकाच वेळी लागतात, किंवा एक दुसरीचं साधन किंवा अट असावी लागते. ‘सहाला निघालास तर वेळेत पोचशील’ यातली अटसुद्धा ‘आँ पार्ताँ आ सी-झर’ एवढ्यात मावते. आणि ‘श्रीमंत असूनही’मधला विरोध दाखवायचा असेल तर पुढे ‘तू’ जोडून ‘तूताँ-नेताँ रीश’ म्हणतात.

आणखी एक गुंता लिहिण्यातला आहे. हीच रूपं कधी निव्वळ विशेषणं होतात आणि मग नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात. थकवणारा दिवस, ‘झुर्ने फातिगाँत’, यात स्त्रीलिंगामुळे शेवटचा ‘त’ ऐकू येतो. क्रिया म्हणून वापरलेलं रूप मात्र बदलत नाही. पूर्वी त्याचंही वचन बदलायचं. 1679 साली फ्रेंच अकादमीने ते थांबवलं. कायद्याच्या भाषेत जुनी चाल अजून टिकून आहे: हक्कदार या अर्थाच्या ‘एयाँ द्र्वा’ या शब्दात अनेकवचनाचा ‘स’ आजही लिहिला जातो, उच्चारला जात नाही.

फ्रेंच मराठीच्या सगळ्यात जवळ येते ती हालचालीच्या वाक्यांत. इंग्रजी माणूस ‘ही रॅन अक्रॉस द स्ट्रीट’ म्हणतो, म्हणजे धावणं क्रियापदात ठेवतो आणि ओलांडणं एका अव्ययावर सोपवतो. फ्रेंच माणूस म्हणतो ‘ईल आ त्रावेर्से ला र्यु आँ कूराँ’: ओलांडणं क्रियापदात आणि धावणं झेरोंदीफमध्ये. आपणही म्हणतो, ‘त्याने धावत रस्ता ओलांडला.’ झाँ-पोल विने आणि झाँ दार्बेलने या भाषाअभ्यासकांनी 1958 साली फ्रेंच आणि इंग्रजी शैलींची तुलना करणाऱ्या पुस्तकात या अदलाबदलीला ‘शासे-क्र्वाझे’ असं नृत्यातल्या जागाबदलीचं नाव दिलं. मात्र इथेही प्रत्येक वेळी झेरोंदीफ येतंच असं नाही. पोहून नदी पार केली, तर फ्रेंच माणूस बहुधा ‘आ ला नाझ’ म्हणेल आणि चालत आला, तर ‘आ प्ये’, म्हणजे पायी. ज्या हालचालीसाठी असा तयार शब्दप्रयोग आहे तिथे तोच वापरतात. धावण्यासाठी मात्र ‘आँ कूराँ’च चालतं.