व्हॅनमध्ये मुलं किती बसवायची?

सकाळी शाळेची व्हॅन दारात येते. आत किती मुलं आहेत हे क्वचितच कुणी मोजतं. मोजायचं ठरवलं, तर सुरुवात गाडीच्या आरसी बुकातल्या आसनक्षमतेपासून करावी. हा आकडा चालकाला धरून असतो.

शालेय वाहनांसाठी रूढ असलेला हिशेब असा: बारा वर्षांखालची मुलं आसनांच्या जास्तीत जास्त दीडपट चालतात, त्याहून मोठ्या मुलाला मात्र पूर्ण सीट. समजा, गाडी आठ आसनांची आहे. चालक सोडून सात जागा उरल्या. सगळी मुलं लहान असतील तर साडेदहा, म्हणजे दहा. पण चार मुलं आठवी-नववीतली असतील तर त्यांच्या चार जागा गेल्या. उरलेल्या तिघांच्या जागेत चार लहान मुलं. एकूण आठ. अशा गाडीत चौदा-पंधरा मुलं दिसली, तर हिशेब चुकलाच. परवान्यावर याहून कमी संख्या लिहिलेली असेल, तर तीच पाळायची.

या गणितात अटेंडंटचीही एक जागा धरावी लागते. अटेंडंट ठेवला की पगार द्यावा लागतो आणि एका सीटचं भाडं बुडतं, म्हणून व्हॅनमधून तोच आधी गायब होतो. त्याचं काम मात्र चालकाला जमणारं नाही. बसच्या अगदी पुढ्यात आणि बाजूला उभं असलेलं लहान मूल चालकाला दिसत नाही. गाडी हलण्याआधी ते लांब गेलंय ना, हे खाली उतरूनच पाहावं लागतं. शेवटच्या थांब्यावर मागच्या सीटवर कुणी झोपलेलं राहिलं नाही ना, हेही त्यानंच बघायचं. गाडीत मुली असतील तर महिला अटेंडंट हवी.

वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटरची सांगितली जाते आणि त्यासाठी गाडीला स्पीड गव्हर्नर लागतो. ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० च्या वेगात जवळपास १७. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच हा फरक पडतो. पुढे ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर तर सव्वादोन पट होतं.

जादा प्रवासी भरल्यास मोटार वाहन कायद्यात प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. जादा प्रवाशांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढे नेता येत नाही.

महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही तिच्यात असतो. तुमच्या शाळेत तो कोण आहे, हे विचारा. मुलाच्या गाडीची आसनक्षमता, रोज बसणारी मुलं आणि अटेंडंट, या तीन गोष्टी त्याच्याकडे लेखी मागा.