आकडा एकच, वर्षं दोन

आयकर रिटर्न कसं भरायचं, हे पायरी-पायरीने सांगणाऱ्या लेखात किंवा व्हिडिओत आधी एकच गोष्ट बघावी: हा कुठला फॉर्म आणि कुठलं वर्ष? आणि नुसतं ‘२०२४-२५’ लिहिलेलं असेल, तर तिथेच थांबावं.

कारण या आकड्याची दोन वर्षं होतात. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ हे कमाईचं, म्हणजे आर्थिक वर्ष २०२४-२५. त्या कमाईवरचा कर ठरतो पुढच्या, म्हणजे आकारणी वर्ष २०२५-२६ मध्ये. रिटर्नवर हे दुसरं वर्ष असतं. त्यामुळे ‘आकारणी वर्ष २०२४-२५’ची मार्गदर्शिका त्याच्या आदल्या वर्षाच्या कमाईची असते, आणि घाईत नेमकी तीच उघडली जाते.

एका वर्षाच्या चुकीने काय बिघडतं? समजा, एका नोकरदाराचा पगार वर्षाला ८ लाख आहे आणि त्याने नवी करपद्धत घेतली आहे. शिवाय इक्विटी म्युच्युअल फंडाची जुनी युनिट्स विकून त्याला ८० हजारांचा दीर्घकालीन नफा झाला. आकारणी वर्ष २०२४-२५ च्या नियमांनी प्रमाणित वजावट ५० हजारांची, कर उपकरासह ३१,२०० रुपये, आणि फंडाच्या नफ्यामुळे फॉर्म आयटीआर-२. पुढच्याच वर्षी वजावट ७५ हजार झाली, टप्पे बदलले आणि कर २३,४०० वर आला. असा नफा सव्वा लाखापर्यंत असेल आणि मागचा भांडवली तोटा पुढे ओढायचा नसेल, तर साधा आयटीआर-१ही चालू लागला. त्याच्याही पुढच्या वर्षी करसवलतीची मर्यादा १२ लाखांवर गेली आणि याच माणसाचा कर शून्य झाला. माणूस तोच, पगार तोच, उत्तरं तीन.

म्हणून ‘नियम बदलू शकतात’ एवढी मोघम तळटीप मला पुरेशी वाटत नाही. माहिती कुठल्या तारखेपर्यंतची आहे, हे तिथे हवंच. आकारणी वर्ष २०२५-२६ साठीची मुदत ३१ जुलैवरून आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरवर गेली. म्हणजे मेच्या सुरुवातीला बरोबर असलेला मजकूरही जूनमध्ये जुना ठरला होता.

आपलं वर्ष ताडून बघायला फॉर्म १६ पुरतो. त्यात आकारणी वर्ष असतं आणि नोकरीचा कालावधी तारखांसह असतो. मार्गदर्शिकेतलं वर्ष त्याच्याशी जुळलं तरच पुढे जावं.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि आकारणी वर्षाच्या जागी ‘कर वर्ष’ आलं. कमाई ज्या वर्षातली, तेच कर वर्ष. ही सोय चांगली आहे, पण या बदलाच्या काळात आणखी जपायला हवं. ‘आकारणी वर्ष २०२६-२७’ म्हणजे मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाची कमाई, आणि ‘कर वर्ष २०२६-२७’ म्हणजे त्यानंतर सुरू झालेल्या वर्षाची.