सात म्हणजे सात

वाद्यवृंदाच्या प्रमुखाचं सदस्यांना लिहिलेलं शिस्तीचं पत्र बहुधा एखादी तालीम फसल्यानंतरच लिहिलं जातं. त्यातला सूर रागाचा वाटला, तरी मजकूर बराचसा हिशोबाचा असतो.

समजा, जुन्या हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम आहे. अठरा गाणी, बारा वादक आणि तीन तासांसाठी भाड्यानं घेतलेली खोली. १८० मिनिटांतून मांडामांड, चहा आणि आवराआवर यांची तीस वजा केली, तर उरतात १५०. म्हणजे एका गाण्याला जेमतेम आठ मिनिटं. गाणं एकदा सलग वाजवण्यातच साडेचार-पाच मिनिटं जातात. चूक शोधायला आणि सुधारायला हाती तीन मिनिटं राहतात. तेवढ्यात कुणी आपला म्युझिक पीस नव्यानं बसवू लागला, तर पुढचं गाणं तालमीविनाच रंगमंचावर जातं.

म्हणून पत्रातलं पहिलं कलम वेळेचं असतं. तालीम सातला आहे याचा अर्थ सातला दारात पोचायचं असा नसतो, तर सातला पहिल्या गाण्याचा ठेका पडायला हवा. ड्रम्सवाल्याला मांडणीला अर्धा तास लागतो, म्हणून त्यानं साडेसहाला यायचं. तबला आणि ढोलक सुरात मिळवायची असतात, सॅक्सोफोनवाल्याला ओठ गरम करायचे असतात. एक जण वीस मिनिटं उशिरा आला आणि त्याच्यासाठी बाकीचे अकरा जण थांबले, तर सगळ्यांची मिळून तीन तास चाळीस मिनिटं वाया जातात. आणि तो नेमका बास गिटारवाला असला, तर त्याच्याविना वाजवलेली गाणी तो आल्यावर पुन्हा वाजवावी लागतात.

दुसरं कलम घरच्या अभ्यासाचं. ‘ऐकलंय मी गाणं’ एवढ्यानं काम होत नाही. ‘यादों की बारात’ (१९७३) मधलं, पेल्यावरच्या किणकिणाटानं सुरू होणारं राहुलदेव बर्मन यांचं गाणं कुणी ऐकलेलं नसतं? पण किणकिणाटानंतर गिटार नेमकी कधी उचलते, दोन अंतऱ्यांच्या मधले तुकडे किती मात्रांचे आहेत, अंतरा संपताना ठेका कुठे थांबतो, हे प्रत्येकानं कागदावर मांडून आणायचं असतं. ज्यानं ते केलेलं नसतं, तो तालमीत लगेच ओळखू येतो: तो शेजाऱ्याच्या हाताकडे बघत असतो आणि प्रत्येक वळणावर अर्धी मात्रा मागे राहतो.

सर्वांत मोठा घोटाळा स्केलचा होतो. मूळ गाणं काळी चारमध्ये असतं, पण आपला गायक ते पांढरी चारमध्ये गातो. घरी मूळ ध्वनिमुद्रणावर बसवून आलेल्याची बोटं चुकीच्या जागी पक्की झालेली असतात. कीबोर्डवाला ट्रान्सपोज तीननं खाली आणून सुटका करून घेतो आणि पुढच्या गाण्याआधी ते शून्यावर आणायला विसरतो. त्यामुळे शहाणा प्रमुख पत्रासोबत प्रत्येक गाण्याची स्केल, लय आणि शेवट कसा करायचा, हे लिहूनच पाठवतो.

मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणात ही घरची तयारी लागत नसे. तिथले अनेक गोवेकर वादक चर्चच्या शाळांमध्ये लहानपणीच नोटेशन शिकलेले होते. कागद समोर आला की ते वाजवत. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. गायक आणि वादक एकत्रच मुद्रित होत असल्यामुळे एकाची चूक झाली की टेक सगळ्यांनाच पुन्हा द्यावा लागे. आजच्या हौशी वाद्यवृंदात बहुतेक जण कानावर बसवतात. वाचनाची ती कसर घरी बसूनच भरून काढावी लागते.

तिसरं कलम खोलीतल्या वागण्याचं: दोन गाण्यांच्या मध्ये आपलं वाद्य छेडत बसायचं नाही. प्रमुख व्हायोलिनवाल्याला काही सांगत असताना गिटारवाला आवडता तुकडा घोळवू लागला, की सूचना कुणालाच ऐकू येत नाही आणि तीच चूक पुन्हा होते. हात वर झाला की वाद्य बंद, दुरुस्ती लगेच पेन्सिलीनं कागदावर.

हे पाळलं नाही तर काय? अमेरिकी गायक जेम्स ब्राऊन उशिराबद्दल आणि चुकलेल्या सुराबद्दल दंड लावत. भर कार्यक्रमात बोटं दाखवून रकमेची खूण करत. बँड घोटीव वाजे, पण १९७० मध्ये कुरबुर विकोपाला गेली आणि मेसिओ पार्करसह बरेच वादक सोडून गेले. ब्राऊन यांनी सिनसिनाटीहून बूट्सी कॉलिन्स आणि त्याच्या साथीदारांना बोलावून घेतलं. पदरमोड करून वाजवणाऱ्या हौशी मंडळींना मात्र असा दंड लावता येत नाही आणि बदली बासवाला रातोरात मिळत नाही. त्यामुळे इथले प्रमुख तालमीचा क्रम आधीच कळवतात. ज्याचं काम तिसऱ्या गाण्यापासून आहे, त्याला सव्वासातलाच बोलावतात.

पत्र ग्रुपवर पडतं. पाठोपाठ अकरा अंगठे येतात आणि एक प्रश्न: ‘दुसरं गाणं कुठल्या स्केलमध्ये?’