सेहेचाळीस गुणांचा मुलगा

समजा, एका शिक्षिकेने कृती संशोधनासाठी सातवीतली बारा मुले घेतली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे सहा-सहाचे दोन गट केले. एका गटाला तिने अपूर्णांक नेहमीसारखे फळ्यावर शिकवले, तर दुसऱ्या गटाला कागदाच्या पट्ट्या कापायला आणि जोडायला लावून. पंधरा दिवसांनी दोन्ही गटांची पन्नास गुणांची एकच परीक्षा घेतली. फळ्याच्या गटाचे गुण आले ११, १२, १३, १४, १६, १८. पट्ट्यांच्या गटाचे आले १५, १७, १९, २०, २१ आणि ४६.

आकड्यांवरून नजर फिरवली तरी पट्ट्यांची मुले पुढे आहेत हे दिसते. सरासरी काढली तर पहिल्या गटाची १४ आणि दुसऱ्याची २३ येते. पण प्रबंधात नजरेचा पुरावा चालत नाही, म्हणून आपल्याकडे सर्रास टी-चाचणी लावली जाते. इथे टी मूल्य येते १.८७. बारा मुले आणि दोन गट म्हणजे स्वाधीनता मात्रा १०. ०.०५ या सार्थकता पातळीसाठी सारणीत २.२३ हा आकडा आहे. आपले मूल्य त्याच्याखाली राहते, आणि प्रबंधात ‘फरक सार्थक नाही’ असे वाक्य उमटते.

आता ४६ गुणांच्या मुलाला परीक्षेच्या दिवशी ताप होता आणि त्याला २२ च गुण पडले, असे धरू. बाकी सगळे तसेच. दुसऱ्या गटाची सरासरी २३ वरून १९ वर उतरते, म्हणजे दोन गटांमधले अंतर नऊ गुणांवरून पाचवर येते. पण टी मूल्य होते ३.३२, आणि फरक आता चांगलाच सार्थक ठरतो! मुलगा हुशार निघाला तर पद्धत नापास आणि तो आजारी पडला तर पद्धत पास, असा हा निकाल आहे. हे गणित कोणीही कागदावर करून पाहावे. मी पहिल्यांदा केले तेव्हा बेरीज चुकली असे वाटून तीनदा पुन्हा मांडले होते.

चूक बेरजेत नाही. टी-चाचणी सरासरीतल्या फरकाला गुणांच्या विखुरलेपणाने भागते. ४६ या एका आकड्याने सरासरी चार गुणांनी वर उचलली खरी, पण गटाचे प्रमाण विचलन २.६ वरून थेट ११.५ वर नेले. अंश थोडा वाढला आणि छेद बराच फुगला. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ साली ही पद्धत मांडली ती छोट्या नमुन्यांसाठीच. मात्र तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे: आकडे घंटेच्या आकारात, मधे दाट आणि दोन्ही कडांना सारखे विरळ, अशा समूहातून आलेले असावेत. अवघड पेपरमध्ये बहुतेक मुले खाली गोळा होतात आणि एखाददुसरे वर सुटते. तिथे ही घंटा उरत नाही. शिवाय सहाच आकडे हातात असताना ती आहे की नाही हे नीट तपासताही येत नाही.

अशा वेळी गुण बाजूला ठेवून फक्त कोण कोणाच्या पुढे एवढेच पाहिले तर? मॅन-व्हिटनी चाचणी हेच करते. पट्ट्यांच्या गटातले प्रत्येक मूल फळ्याच्या गटातल्या प्रत्येक मुलासमोर उभे करा. सहा गुणिले सहा, अशा छत्तीस जोड्या होतात. १५ गुणांचे मूल ११, १२, १३ आणि १४ ला मागे टाकते, म्हणजे चार जोड्या जिंकते. १७ चे पाच जिंकते. १९, २०, २१ आणि ४६ ही चौघेही सहा-सहा जिंकतात. एकूण तेहेतीस. या मोजणीलाच ‘यू’ म्हणतात. फळ्याच्या वाट्याला तीन जोड्या उरतात. दोघांचे गुण सारखे असले तर दोघांना अर्धी-अर्धी जोडी द्यायची. ४६ च्या जागी २२ घातले तरी तेहेतीसच येतात, कारण तो मुलगा तेव्हाही सगळ्यांच्या पुढेच होता.

तेहेतीस हा आकडा नशिबाने येऊ शकतो का, हे ठरवण्याची रीत मला या चाचणीतला सगळ्यात सुंदर भाग वाटते. पद्धतीने काहीच फरक पडला नसता, तर या मुलांना हेच गुण पडले असते. कोणाची चिठ्ठी कुठल्या गटात निघाली एवढाच प्रश्न उरला असता. बारांतून सहा निवडण्याचे ९२४ प्रकार आहेत आणि त्यातला प्रत्येक सारखाच शक्य आहे. त्यांपैकी फळ्याच्या गटाला तीन किंवा त्याहून कमी जोड्या मिळतील असे प्रकार फक्त सात. उलट बाजूने, पट्ट्यांच्या गटाची तशी गत होईल असेही सात. ९२४ पैकी १४ म्हणजे दीड टक्का. घंटेचे गृहीतक इथे कुठेच लागले नाही.

फ्रँक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने १९४५ साली क्रमांकांच्या बेरजेवरून हीच कल्पना मांडली होती. हेन्री मान आणि त्यांचे विद्यार्थी डोनाल्ड व्हिटनी यांनी १९४७ साली तिला जोड्यांच्या मोजणीचे रूप दिले आणि ती असमान आकाराच्या गटांनाही लागू केली. म्हणून आर या संगणकप्रणालीत ती विल्कॉक्सनच्या नावाने सापडते:

```
patti <- c(15, 17, 19, 20, 21, 46)
fala  <- c(11, 12, 13, 14, 16, 18)
wilcox.test(patti, fala)
```

उत्तरात `W = 33, p-value = 0.01515` असे येते. काही प्रणाली ३३ ऐवजी लहान आकडा, म्हणजे ३, छापतात; दोन्हींचा अर्थ एकच. दोन्ही आकड्यांची बेरीज छत्तीस झाली की समजावे, गाडी रुळावर आहे.

नमुना कितीही लहान असला तरी ही चाचणी तारून नेते, असा समज मात्र धरू नये. तीन-तीन मुलांचे गट घेतले तर एकूण प्रकार वीसच होतात. एका गटाने नऊच्या नऊ जोड्या जिंकल्या तरी दोन्ही बाजू धरून वीसपैकी दोन, म्हणजे दहा टक्के, याच्याखाली उत्तर जाऊच शकत नाही. निकाल काहीही लागो, पाच टक्क्यांची अट पूर्ण होणारच नाही. चार-चार मुले घेतली की सत्तरपैकी दोन येतात, आणि तिथून पुढे काही बोलता येते.

दुसरी चूक प्रबंधांमध्ये फार दिसते. त्याच मुलांची पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घेतलेली असते आणि तिथे मॅन-व्हिटनी लावलेली असते. ही चाचणी दोन वेगळ्या गटांसाठी आहे. एकाच मुलाच्या आधीच्या आणि नंतरच्या गुणांची जोडी असेल तर विल्कॉक्सनचीच दुसरी, चिन्हांकित क्रमांकांची चाचणी घ्यावी लागते.

तिसरी गोष्ट निष्कर्षाच्या वाक्याची. ही चाचणी सरासरीबद्दल काही सांगत नाही. ‘मध्यक वेगळे आहेत’ असेही तिच्या जोरावर तेव्हाच म्हणता येते, जेव्हा दोन्ही गटांची पसरण सारख्या आकाराची असते. इथे ती तशी नाही. त्यामुळे सरासरी किंवा बेरीज हाच खरा प्रश्न असेल, जसे दोन औषधांवर होणारा एकूण खर्च, तर ही चाचणी तिथे उपयोगाची नाही. आपल्या शिक्षिकेला मात्र एवढे नक्की लिहिता येईल: दोन गटांतले एकेक मूल समोरासमोर उभे केले तर छत्तीसपैकी तेहेतीस वेळा पट्ट्यांनी शिकलेले मूल पुढे होते, आणि नुसत्या चिठ्ठ्यांच्या खेळाने एवढा एकतर्फी निकाल शंभरात साधारण दीड वेळाच लागला असता.