टँकरचा अंदाज: मुलाखतीतले चार गैरसमज

डेटा सायन्सच्या मुलाखतीत 'केस' देतात. ही घ्या: भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत, तरी उन्हाळ्यात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर टँकर येतो. पुढच्या आठवड्यात कोणत्या पाड्यांना तो लागेल, हे सांगा.

गैरसमज 1: आधी मॉडेल निवडायचं.
वस्तुस्थिती: आधी विचारा, उत्तर हाती आल्यावर कोण काय करणार? इथे पंचायत समितीची माणसं विहिरीची पाहणी करतील आणि प्रस्ताव वर जाईल. म्हणजे अंदाज निदान आठवडाभर आधी हवा. दुसरा प्रश्न नोंदींचा. त्यांत 'टँकर मंजूर झाला' एवढंच दिसतं. ज्या पाड्याने अर्जच केला नाही, तिथली तहान कागदावर नाही. हे न ओळखता शिकवलेलं मॉडेल पाण्याची टंचाई नव्हे, अर्ज करण्याची सवय शिकतं.

गैरसमज 2: बेसलाइन म्हणजे नुसती औपचारिकता.
वस्तुस्थिती: साधा तोडगा किती पुरतो, हे बेसलाइन दाखवते. इथला तोडगा तलाठीही सांगेल: या आठवड्याची यादी तीच पुढच्या आठवड्याची.

गैरसमज 3: अचूकता जास्त, ते मॉडेल चांगलं.
वस्तुस्थिती: उदाहरणापुरते आकडे धरू. पाडे 200, आज टँकर 20 ठिकाणी, पुढच्या आठवड्यात ते 20 धरून लागणार 26 ठिकाणी. 'कुणालाच लागणार नाही' म्हटलं तरी 174 उत्तरं बरोबर, म्हणजे 87 टक्के! जुनी यादी पुढे ढकलली तर 194 बरोबर, 97 टक्के. आपलं मॉडेल जुने 20 आणि नवे 4 ओळखतं, 2 चुकवतं आणि 5 पाड्यांची नावं उगाच घेतं. चुका 7, अचूकता 96.5 टक्के. बेसलाइनपेक्षा कमीच. पण बेसलाइनला नव्या 6 पाड्यांपैकी एकही सापडत नाही, आणि आपल्याला तेच हवे होते. उगाच घेतलेल्या नावाची किंमत पाहणीची एक फेरी. सुटलेल्या पाड्यावर मात्र बायकांना हंडे घेऊन लांबची पायपीट.

ही तुलना एका आठवड्यावर सोडू नका. जुन्या उन्हाळ्यांवर शिकवा आणि नंतरच्या उन्हाळ्यावर तपासा. नोंदी सरमिसळ करून वाटल्या तर एकाच पाड्याचे लागोपाठचे आठवडे दोन्हीकडे जातात आणि निकाल खोटाच चांगला दिसतो. जूनमध्ये पाऊस लागला की यादी आखडते, तेव्हा बेसलाइन उलट्या बाजूने चुकते. तेही आठवडे तपासा.

गैरसमज 4: साहेबांना आकडेवारीची भाषा पटते.
वस्तुस्थिती: 'रिकॉल 92 टक्के' ऐकून साहेब मान डोलावतील, पण ठरवणार काहीच नाहीत. असं सांगा: "नव्याने कोरड्या पडणाऱ्या 6 पाड्यांपैकी 4 आठवडाभर आधी कळतील. त्यासाठी 9 विहिरी बघाव्या लागतील, 5 फेऱ्या वाया जातील. 2 पाडे तरीही सुटतील, म्हणून गावाचे अर्ज बंद करू नका." फेऱ्या परवडतात की नाही, हे साहेब ठरवतील.