दोन रकाने की सहा?

फोनवर स्क्रोल करताना रावेत किंवा वाकडमधल्या टू बीएचकेची जाहिरात दिसते. बोट लागलं की एक पान उघडतं. वर इमारतीचं चित्र, खाली नाव आणि मोबाइल नंबर एवढे दोनच रकाने आणि 'किंमत जाणून घ्या' असं बटण. या पानाला लँडिंग पेज म्हणतात आणि नंबर देणाऱ्या माणसाला, विक्रीच्या भाषेत, लीड. काही प्रकल्पांच्या पानावर मात्र बजेट किती, घर कधी हवंय, राहायला की गुंतवणुकीला, सध्या कुठे राहता, असं सगळं विचारलेलं असतं. या दोन फॉर्ममधली निवड सजावटीची वाटते, पण विक्री कार्यालयाचा पुढचा आख्खा आठवडा कसा जाणार हे तिच्यावर ठरतं.

हिशेब मांडून पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. एका बिल्डरने आठवड्याला १ लाख रुपये जाहिरातीवर घातले आणि पानावर २,००० माणसं आली. दोन रकान्यांचा फॉर्म असेल तर १६० जण भरतात, म्हणजे लीड ६२५ रुपयांना पडली. त्यांतले खरोखर घर घेऊ शकणारे २४. सहा रकान्यांचा फॉर्म ठेवला तर भरतात फक्त ६० जण आणि लीड पडते १,६६७ रुपयांना. त्यांत खरे ग्राहक १८. लांब फॉर्मला कंटाळून सहा चांगली माणसं निघून गेली, हे नुकसान खरं आहे. कागदावर छोटा फॉर्म जिंकला.

आता फोन करणाऱ्या मुलीच्या खुर्चीवरून बघा. नंबर लागत नाही, उचलत नाहीत, नंतर करा म्हणतात. असं सगळं धरून एका लीडमागे सरासरी २० मिनिटं जातात. १६० लीडना ५३ तास लागतील आणि ६० लीडना २० तास. कार्यालयात एकच टेलिकॉलर असेल आणि साइटवर येणाऱ्यांना सांभाळून तिला फोनसाठी आठवड्याचे २५ तास मिळत असतील, तर १६० पैकी ७५ जणांपर्यंतच ती पोहोचेल. खरा ग्राहक कोण, हे यादीवरून कळत नाही. त्यामुळे २४ पैकी साधारण ११ जणच तिच्या हाती लागतात. उरलेल्यांना फोन जातो तोपर्यंत त्यांनी शेजारचा प्रकल्प पाहिलेला असतो. लांब फॉर्मच्या साठांना मात्र ती सगळ्यांना गाठते आणि १८ खरे ग्राहक तिच्याशी बोलतात. हाच बिल्डर तीन टेलिकॉलर ठेवणार असेल, तर छोटा फॉर्मच योग्य, कारण मग २४ च्या २४ हाती येतात.

फॉर्म ग्राहक तयार करत नाही, ती नुसती चाळणी आहे. तिची भोकं केवढी ठेवायची, हे आपण आठवड्याला किती फोन नीट करू शकतो त्यावर ठरवायचं. जाहिरात एजन्सीला पैसे लीडच्या संख्येवर मिळत असतील तर ती छोट्या फॉर्मचाच आग्रह धरणार, हेही लक्षात ठेवावं.

रकान्यांच्या संख्येइतकंच, कोणता रकाना, याला महत्त्व आहे. त्याची कसोटी सोपी आहे: या उत्तरामुळे आपण पुढे काही वेगळं करणार आहोत का? 'घर कधी हवंय' याचं उत्तर तीन महिन्यांत असेल तर आजच फोन, वर्षभराने असेल तर पुढच्या महिन्यात. म्हणजे हा रकाना कामाचा. ईमेल विचारला आणि त्यावर कधीच काही पाठवलं नाही, तर तो निव्वळ अडथळा. बजेटचा रकाना नाजूक असतो. मोकळा ठेवला तर माणसं घासाघीस मनात धरून आकडा कमी लिहितात किंवा पान बंद करतात. तीन-चार पर्याय दिले तर उत्तर मिळतं. त्याहून बरं म्हणजे पानावर किंमतच छापावी. नोंदणी, मुद्रांक शुल्क, पार्किंग धरून एकूण किती, हे दिसलं की ज्याला झेपत नाही तो विचारायच्या आधीच थांबतो. एकही रकाना न वाढवता चाळणी लागते.

क्रमही बघावा. मोबाइल नंबर हा सर्वांत भीतीचा रकाना, कारण तो दिला की दहा ठिकाणांहून फोन सुरू होतात, हा सगळ्यांचा अनुभव आहे. सोपे प्रश्न आधी आणि नंबर शेवटी ठेवला, तर दोन उत्तरं दिलेला माणूस सहसा अर्ध्यातून परतत नाही. ओटीपी लावला की चुकीचे नंबर गळतात, पण मेसेज उशिरा आला तर चांगला ग्राहकही गळतो. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या आतल्या फॉर्ममध्ये नाव-नंबर आपोआप भरून येतात. मग फोन गेल्यावर समोरचा प्रामाणिकपणे म्हणतो, 'मी काही भरलंच नाही.' तिथे पाठवण्यापूर्वी माहिती पुन्हा तपासायला लावणारा फॉर्मप्रकार निवडता येतो. त्याने संख्या घटते, पण असे फोनही घटतात.

विश्वासाच्या खुणांचेही दोन प्रकार आहेत. 'शंभर टक्के विश्वासार्ह', 'फक्त तीन फ्लॅट शिल्लक', 'बुकिंगवर सोन्याचं नाणं' यांनी नंबर वाढतात, पण ते नाण्याचे आणि घाईचे नंबर असतात. दुसऱ्या खुणा पडताळता येतात. रेरा कायद्यानुसार जाहिरातीत प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो आणि महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराचा क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो कोपऱ्यात बारीक न ठेवता फॉर्मशेजारी, स्कॅन होईल एवढा छापावा. जो तो उघडून प्रकल्पाच्या मंजुऱ्या आणि पूर्णतेची तारीख बघतो आणि मग नंबर देतो, तो गंभीर ग्राहक. कार्पेट एरिया चौरस फुटांत, साइटचा पत्ता, बांधकामाचा तारखेसह फोटो, यांचंही तसंच. अशा खुणांमुळे लांब फॉर्मही भरला जातो, कारण विचारणाऱ्याने आधी स्वतःबद्दल सांगितलेलं असतं.

सर्वांत स्वस्त खूण म्हणजे बटणाखालची एक ओळ: 'आमच्या कार्यालयातून सकाळी १० ते संध्याकाळी ७ मध्ये एकच फोन येईल. नंबर इतर कोणालाही दिला जाणार नाही.' ती पाळायला हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट कृतीतून आणि ठरावीक कारणासाठीच घ्यायची आहे. आधीच टिक केलेली चौकट ही संमती नव्हे.

आपला फॉर्म चुकतोय हे कळतं नाकारलेल्या लीडच्या नोंदीवरून. टेलिकॉलरने प्रत्येक वेळी कारण लिहावं. 'बजेट बसत नाही' जास्त असेल तर किंमत छापा. 'नंबर चुकीचा' जास्त असेल तर ओटीपी लावा. 'नंतर बघू' जास्त असेल तर 'कधी हवंय' हे विचारा. 'उचलत नाहीत' जास्त असेल तर रकाने वाढवू नका, फोन लवकर करा. एका आठवड्यात १२ ऐवजी १५ जण साइटवर आले म्हणून फॉर्म जिंकला असं मात्र समजू नये. एवढा फरक योगायोगानेही पडतो, म्हणून निदान दोन-तीन महिन्यांचे आकडे जमू द्यावेत.

जाहिरातीच्या अहवालात लीड कितीला पडली हा आकडा वरच असतो. बिल्डरने एजन्सीकडे त्याच्या शेजारी दुसरा आकडा मागावा: साइटवर प्रत्यक्ष आलेला एक माणूस कितीला पडला? फॉर्म लांबवायचा की छाटायचा, याचा निर्णय त्या दुसऱ्या आकड्यावर घ्यावा.