महागाईबरोबर वाढणारं मुद्दल

पिंपळे गुरवमध्ये कंपनीतून निवृत्त झालेले बरेच काका ग्रॅच्युइटीचे पैसे ठरावीक व्याजाच्या रोख्यात ठेवतात. व्याज वेळेवर येतं, पण मुद्दल तेवढंच राहतं.

रिझर्व्ह बँकेने जून २०१३ मध्ये वेगळा रोखा आणला होता. त्याचं मुद्दल घाऊक किंमत निर्देशांकाला जोडलेलं होतं, व्याज फक्त १.४४ टक्के. समजा, एक लाख गुंतवले आणि वर्षात महागाई १० टक्के झाली. मुद्दल १,१०,००० होतं आणि त्यावर साधारण १,५८४ रुपये व्याज. साध्या ८ टक्क्यांच्या रोख्यात ८,००० मिळतात, म्हणजे एकूण १,०८,०००; पण वर्षापूर्वी एक लाखात येणाऱ्या वस्तूंनाच आता १,१०,००० लागतात. महागाई ४ टक्केच राहिली, तर मात्र साधा रोखा सरस ठरतो.

खरी अडचण निर्देशांकाची होती. घाऊक निर्देशांकात घरभाडं, डॉक्टर, शाळेची फी येतच नाही, आणि आपला खर्च तर तिथेच वाढतो. म्हणूनच डिसेंबर २०१३ मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडलेले, वर १.५ टक्के देणारे बचत रोखे आले. माझ्या मते सामान्य माणसासाठी तेच जास्त योग्य होते.